ऑफरचा मेल आलाय, लगेच हो-नाही सांगता येत नाही. "मिळालं, अमुक तारखेला उत्तर देतो" एवढाच रिप्लाय चालतो का?

उद्यमबाग_क्वालिटी | शुक्रवार, 27 ऑक्टोबर, रात्री 9:10

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीत आहे. आज संध्याकाळी पुण्याच्या एका कंपनीतल्या भरतीच्या बाईंकडून ऑफरचा मेल आला. पगार बरा आहे, पोस्टही आवडली. मेलमध्ये लिहिलंय की तीन कामकाजाच्या दिवसांत स्वीकृती कळवावी आणि 1 जानेवारीला जॉइन व्हावं.

खरं माझा बेंगळुरूला दुसरा राउंड झालाय आणि त्यांनी निकाल 2 नोव्हेंबरला सांगतो म्हटलंय. शिवाय घरात बोलायचं आहे, बाबांची तपासणी चालू आहे. पुण्याला आजच हो म्हणायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही. "ऑफर मिळाली, आभारी आहे, 3 तारखेपर्यंत पक्कं सांगतो" असं दोन ओळीत कळवलं तर चालतं का? की यातून ऑफर हातची जाते? ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा.

चंद्या_वडगाव | 9:24

बिनधास्त पाठव गा. रिप्लाय गेला की ऑफर लॉक झाली. मग 3 तारखेपर्यंत त्यांना दुसऱ्या कुणाला देता येत नाही. मेल म्हणजे लेखी पुरावा.

निपाणीकर | 9:41

आमच्याकडं हे रोजचं आहे. सप्लायरची ऑफर आली की मी त्याच दिवशी "कोटेशन मिळालं, सोमवारी कळवतो" म्हणून टाकतो. खरं कोटेशनच्या तळाला व्हॅलिडिटी बघायला पायजे. कच्च्या लोखंडाचा दर तीन दिवसांचा दिला असेल आणि आपण पाचव्या दिवशी ऑर्डर टाकली तर तो नवीन दर लावतो, भांडून उपयोग नाही. तुमचा माल कुठला आहे?

उद्यमबाग_क्वालिटी | 9:46

निपाणीकर, मालाची नाही, नोकरीची ऑफर आहे. तरी व्हॅलिडिटीचं तुम्ही बोललात ते मला लागू पडतंयच.

संकेश्वर_सुनील | 10:02

मला हे पटत नाही. त्यांनी तुला निवडलंय, पगार ठरवलाय, पत्र पाठवलंय. आता तू त्यांना लटकवून बेंगळुरूची वाट बघणार. सरळ हो म्हण नाहीतर सरळ नाही म्हण. आठवडाभर विचार करणाऱ्या माणसाबद्दल पुढच्याचं मत काय होईल?

शहापूरची_वैदेही | 10:35

मी मूळची शहापूरची. पुण्यात भरती विभागात आहे, ऑफरचे मेल पाठवणं हे माझं रोजचं काम. पलीकडच्या टेबलावर काय होतं ते सांगते.

मेल गेला की आमच्या यादीत त्या उमेदवारापुढं "ऑफर पाठवली" एवढंच दिसतं. सोमवारी सकाळी मी ती यादी उघडते. ज्याचं काहीच उत्तर नाही त्याला मेल मिळाला की नाही, तो स्पॅममध्ये गेला की काय, की त्याचा विचार बदलला, यातलं काहीच कळत नाही. त्याला फोन लावावा लागतो. ज्याचा दोन ओळींचा रिप्लाय आलाय आणि त्यात तारीख आहे, त्याच्यापुढं मी ती तारीख लिहिते आणि पुढच्या नावाकडं वळते. सुनील म्हणतात तसा राग कुणाला येत नाही. राग येतो तो तीन फोन न उचलणाऱ्याचा.

अजून एक गोष्ट. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला आम्ही लगेच नकार कळवत नाही. पहिल्याची सही येईपर्यंत त्याला थांबवून ठेवतो. त्याला किती दिवस थांबवायचं हे मला तुमच्या तारखेवरूनच ठरवता येतं. म्हणून "लवकरच कळवतो" असा रिप्लाय माझ्या काहीच कामाचा नाही. "येत्या आठवड्यात" हाही नाही. वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहा.

मात्र उद्यमबागभाऊ, तुमची अडचण तुम्ही समजता त्यापेक्षा वेगळी आहे. तीन कामकाजाचे दिवस म्हणजे सोमवार 30, मंगळवार 31 आणि बुधवार 1 नोव्हेंबर. तुम्ही 3 तारीख देणार म्हणजे मुदतीच्या बाहेर जाताय. मुदतीच्या आतली तारीख नुसती कळवून चालतं. बाहेरची तारीख मागावी लागते, आणि त्यांचा होकार येईपर्यंत ती मिळाली असं धरायचं नाही.

उद्यमबाग_क्वालिटी | 10:48

वैदेहीताई, 1 नोव्हेंबरला आमच्याकडं सुट्टी असते. राज्योत्सव. मी मुदत गुरुवार 2 पर्यंत धरली होती.

शहापूरची_वैदेही | 10:55

माझं माहेर तिथलंच आहे, 1 तारखेला गावात काय असतं मला ठाऊक आहे. एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं आपल्या लोकांचा काळा दिवस. पण पुण्यात तो साधा बुधवार आहे, ऑफिस चालू. ऑफर पुण्याहून आलीय, ती बाई पुण्याचंच कॅलेंडर बघून दिवस मोजणार. पत्रात कुठल्या राज्याच्या सुट्ट्या धरायच्या हे लिहिलेलं नसतं, त्यामुळं आपल्याला तोट्याचा असेल तोच अर्थ धरून चालायचं. तुमची मुदत 1 तारखेच्या संध्याकाळी संपते असंच समजा.

आणि बेंगळुरूचं ऑफिस 1 ला बंद. ते 2 तारीख म्हणाले ते त्यामुळंच असेल. म्हणजे तुम्हाला बरोबर त्या एका सुट्टीनं अडवलंय.

आक्का_टिळकवाडी | 11:07

एवढं लिहीत बसण्यापेक्षा सरळ फोन का करत नाही तुम्ही मुलं? माझ्या लेकीला गोव्यातल्या एका शाळेचं बोलावणं आलं होतं. तिनं बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या सावकाश सांग. पुढच्या आठवड्यात हिनं होकार कळवला तर शाळेतल्या क्लार्कनं सांगितलं, जागा भरली. बाई रजेवर होत्या, फोनवरचं बोलणं कुणालाच माहीत नाही.

खानापूरकर_जांबोटी | 11:15

आक्का, तुम्ही फोन करा म्हणालात, आणि गोष्ट सांगितलीत ती मेल का करावा याची!

आक्का_टिळकवाडी | 11:19

होय की. दोन्ही करा म्हणते मी. फोन करा आणि त्यावर मेल टाका.

वकील_कॅम्प | शनिवार, 28 ऑक्टोबर, सकाळी 7:50

चंद्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणून लिहितो. मेल हा लेखी पुरावा आहे, त्यात वाद नाही. पण "ऑफर लॉक झाली" हे खरं नाही. भारतीय करार कायदा 1872 चा आहे आणि त्याचं कलम 5 सांगतं की समोरच्याची स्वीकृती पोचण्याच्या मार्गाला लागेपर्यंत प्रस्ताव देणाऱ्याला तो मागं घेता येतो. पोच म्हणजे स्वीकृती नव्हे. तुम्ही "3 तारखेला सांगतो" म्हटलंत आणि त्यांनी "ठीक आहे" म्हटलं, तरी 2 तारखेला त्यांनी जागाच रद्द केली तर त्या दोन ओळींवर तुम्हाला फारसं काही करता येणार नाही. कंपन्या सहसा तसं करत नाहीत, कारण नाव खराब होतं. पण तो व्यवहाराचा भाग झाला, कायद्यानं बांधलेला नव्हे.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. पत्रात मुदत दिलेली असेल आणि ती उलटली तर कलम 6 प्रमाणे प्रस्ताव आपोआप संपतो. त्यांनी वेगळं पत्र पाठवायची गरज नाही. म्हणून वैदेहीनं सांगितलेला, तारीख कळवणं आणि तारीख मागणं यातला फरक महत्त्वाचा आहे.

तिसरं, रिप्लायमधले शब्द. "मला ऑफर मान्य आहे, फक्त तारीख सांगतो" असलं अर्धवट वाक्य नको. "पगार थोडा वाढवला तर येतो" हेही त्यात नको. स्वीकृती बिनशर्त लागते, हे कलम 7 मध्ये आहे. अट घातलीत की ती स्वीकृती राहत नाही, तुमच्याकडून नवीन प्रस्ताव गेला असा अर्थ निघतो, आणि मग जुन्या पत्रावर परत जाऊन "बरं, आहे तेच द्या" म्हणायची जागा उरेलच असं नाही. विचारायचं असेल तर प्रश्न म्हणून विचारा.

चंद्या_वडगाव | 8:20

काका, मग रिप्लाय देऊन फायदा काय? तिकडं त्यांना सगळी मोकळीक आणि आपण बांधलेले?

वकील_कॅम्प | 8:31

आपणही बांधलेले नाही. "3 तारखेला उत्तर देतो" म्हणजे होच म्हणणार असं नाही. फायदा वैदेहीनं सांगितला तोच: त्यांना अंदाज येतो आणि ते दुसरीकडं वळत नाहीत. तो माणसांच्या वागण्याचा फायदा आहे. कायद्याचं कुलूप समजून निवांत बसू नकोस एवढंच माझं म्हणणं.

उद्यमबाग_क्वालिटी | 8:55

काका, मेलमध्ये एक लिंकपण आहे. उघडली की पत्र दिसतं आणि खाली एकच बटण, "ॲक्नॉलेज अँड ॲक्सेप्ट". मी काल रात्री पोच म्हणून ते दाबणारच होतो.

शहापूरची_वैदेही | 9:12

दाबू नका! पोच आणि होकार एकाच बटणात घातलेत. तुम्ही दाबलंत की आमच्याकडं थेट "स्वीकारलं" दिसतं, आणि तिथून पुढं ओळखपत्र, लॅपटॉप, जुन्या नोकरीची चौकशी सगळं सुरू होतं. पोच मेलवरच द्या. ज्या मेलमधून ऑफर आली त्यालाच रिप्लाय ऑल करा, म्हणजे विषय तोच राहतो आणि मॅनेजर कॉपीत असेल तर त्यालाही कळतं. फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता बघा. पोर्टलवरून आपोआप आलेला मेल असेल तर त्याला दिलेलं उत्तर कुणीच वाचत नाही. तसं असेल तर ज्यांनी तुमच्याशी बोलणं केलं त्या बाईंच्या पत्त्यावर वेगळा मेल टाका.

उद्यमबाग_क्वालिटी | 9:40

पत्ता तपासला. बाईंच्याच नावाचा आहे, मॅनेजर कॉपीत आहे. मजकूर असा केलाय, जाईल इंग्लिशमध्ये. बघून सांगा:

"नमस्कार मॅडम. क्वालिटी इंजिनिअर पदाचं ऑफर लेटर तुमच्या 27 ऑक्टोबरच्या मेलनं मिळालं, सोबतच्या दोन्ही फाइल उघडल्या. मनापासून आभार. पत्र नीट वाचून, घरी बोलून शुक्रवार 3 नोव्हेंबर, दुपारी 4 पर्यंत पक्कं उत्तर देतो. माझ्या सध्याच्या कंपनीत नोटीस 60 दिवसांची असल्यानं जॉइनिंग 1 जानेवारीऐवजी पुढं घ्यावं लागेल, तसंच बेळगावहून सामान हलवण्याचा खर्च मिळाला तर बरं होईल. कळावे."

वकील_कॅम्प | 9:58

सुरुवात छान. "घ्यावं लागेल" आणि "मिळाला तर बरं होईल" काढा. पोच देता देता वाटाघाट सुरू झाली.

शहापूरची_वैदेही | 10:20

मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

"नमस्कार मॅडम. क्वालिटी इंजिनिअर पदाचं ऑफर लेटर 27 ऑक्टोबरच्या मेलनं मिळालं, दोन्ही फाइल उघडल्या. आभारी आहे. पत्रातल्या मुदतीप्रमाणे उत्तर 1 नोव्हेंबरपर्यंत अपेक्षित आहे असं मी समजतो. शक्य असल्यास शुक्रवार 3 नोव्हेंबर, दुपारी 4 पर्यंत वेळ मिळावा ही विनंती. मुदत वाढवणं शक्य नसेल तर तसं कळवावं, मी 1 तारखेलाच उत्तर देईन. फोन नंबर खाली देत आहे."

शेवटून दुसरं वाक्य मुद्दाम घातलंय. त्याशिवाय नुसती मुदतवाढ मागितली तर वाचणाऱ्याला वाटतं, हा काही येत नाही. आणि "मुदत 1 तारखेची असं मी समजतो" म्हटलं की त्यांचं मोजणं वेगळं असेल तर त्या आत्ताच सांगतील, बुधवारी रात्री गोंधळ नको.

आता नोटीसचं. तारखा बोटावर मोजा. 1 नोव्हेंबरला राजीनामा दिला तर 60 दिवस 31 डिसेंबरला भरतात आणि 1 जानेवारीला जॉइन होता येतं. 3 नोव्हेंबरला दिला तर 2 जानेवारी उजाडते. तुमची कंपनी राजीनाम्याचा दिवस धरते की नाही त्यावर एक दिवस इकडंतिकडं. म्हणजे तुम्ही जे दोन दिवस मागताय ते जॉइनिंगच्या तारखेतून जाणार. हे पोचेच्या मेलात नको, पण मुदत वाढवून मिळाली की लगेच फोनवर विचारून ठेवा: "उत्तर 3 ला दिलं तर जॉइनिंग दोन-तीन दिवस पुढं जाऊ शकतं का?" त्या हो म्हणाल्या तर सुधारित पत्र मागा आणि मगच स्वीकारा. आणि लेखी स्वीकृती जाऊन त्याची पोच येईपर्यंत उद्यमबागेत राजीनामा टाकू नका.

संकेश्वर_सुनील | 10:44

सगळं ठीक आहे, खरं बेंगळुरूचं का लपवायचं? "पत्र वाचून, घरी बोलून" हे खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. मी असतो तर लिहिलं असतं, दुसरीकडचा निकाल 2 ला आहे.

शहापूरची_वैदेही | 10:58

विचारलं तर खोटं बोलू नये, हे मीही म्हणते. आपणहून सांगायचं की नाही यावर आमच्या ऑफिसातही दोन मतं आहेत. माझे साहेब म्हणतात सांगणारा उमेदवार आवडतो. मला वाटतं पोचेत कारण द्यायची गरजच नाही, तारीख पुरेशी आहे. म्हणून माझ्या मजकुरात घरचंही कारण नाही.

संकेश्वर_सुनील | 11:05

तुमच्या साहेबांच्या बाजूचा मी.

खानापूरकर_जांबोटी | 11:30

एक आमच्या भागातली गोष्ट. इकडं कणकुंबीच्या बाजूला वीज गेली की रेंज पण जाते. माझ्या भावानं असाच "सोमवारी 5 पर्यंत सांगतो" असा मेल केला होता. सोमवारी चार वाजता हो म्हणून पाठवला आणि फोन खिशात टाकला. मंगळवारी बघतो तर मेल आउटबॉक्समध्ये तसाच. त्यांनी समजून घेतलं, पण सकाळभर त्याच्या पोटात गोळा. तेव्हा पाठवला म्हणजे पाठवला समजू नका, सेंटमध्ये गेला का बघा. आणि दिलेल्या वेळेच्या काठावर बसू नका.

रेंज असताना जीमेलमध्ये वेळ लावून ठेवला तर तो त्यांच्या सर्व्हरवरून जातो, आपला फोन बंद असला तरी.

वकील_कॅम्प | 11:42

पोचेला वेळ लावून ठेवायला हरकत नाही. होकाराला लावू नका. मध्येच काही बदललं आणि तुम्ही रेंजबाहेर असलात तर तो होकार थांबवता येणार नाही.

निपाणीकर | दुपारी 12:10

बेंगळुरूवाल्यांना काय सांगितलंस का पण? मी दोन सप्लायर असले की दुसऱ्याला पण सांगतो, बाबा, पहिल्याची मुदत अमुक दिवशी संपते, तुझा दर त्याआधी दे.

शहापूरची_वैदेही | 12:18

निपाणीकरांनी नेमकं सांगितलं, माझं हे लिहायचं राहून गेलं. बेंगळुरूला आजच एक मेल: "माझ्याकडं एक लेखी ऑफर आहे, उत्तराची मुदत 1 नोव्हेंबर आहे. तुमचा निर्णय 31 पर्यंत कळणं शक्य आहे का?" कंपनीचं नाव, पगार काही लिहू नका. तिकडून मंगळवारी उत्तर आलं तर पुण्याकडं मुदत मागायची वेळच येत नाही.

उद्यमबाग_क्वालिटी | 12:40

दोन्ही मेल पाठवले. सेंटमध्ये गेलेले दिसतायत. पुण्याला वैदेहीताईंचाच मजकूर, फक्त फोन नंबरच्या आधी "सोमवारी सकाळी फोनही करतो" एवढं घातलं, आक्कांसाठी.

आक्का_टिळकवाडी | 12:52

शाणा आहेस बाळा.

उद्यमबाग_क्वालिटी | सोमवार, 30 ऑक्टोबर, दुपारी 1:15

बाईंना फोन केला. मेल वाचला होता. 3 तारीख नाही म्हणाल्या, कारण त्यांची मॅनेजरबरोबर शुक्रवारी सकाळीच बैठक आहे. गुरुवार 2 नोव्हेंबर, संध्याकाळी 5 पर्यंत चालेल म्हणाल्या. मी विनंती केली तेव्हा मेलवरही तेच लिहून पाठवलं. जॉइनिंगचं विचारलं, तर म्हणाल्या 3 जानेवारीपर्यंत अडचण नाही, सुधारित पत्र उद्या देतो. दुसरीकडं कुठं बोलणं चालू आहे का, असंही विचारलं. मी हो म्हटलं, निकाल 2 ला आहे ते सांगितलं. आवाजात काही फरक वाटला नाही.

बेंगळुरूचं अजून उत्तर नाही.

संकेश्वर_सुनील | 1:22

बघ, खरं सांगितलंस तर काही बिघडलं नाही.

शहापूरची_वैदेही | 1:40

सुधारित पत्र आलं की त्यातली मुदत बघा. कधी कधी जुन्याच नमुन्यावर तारीख बदलून पाठवतात आणि खाली "1 नोव्हेंबर" तसंच राहतं. तसं असेल तर त्याच मेलवर "मुदत 2 नोव्हेंबर, संध्याकाळी 5 असं आपलं ठरलं आहे" एवढी एक ओळ टाका.

आणि गुरुवारी बेंगळुरूहून काहीच आलं नाही तर?

उद्यमबाग_क्वालिटी | 1:58

तर चार वाजता पुण्याला हो. घरात काल रात्री बोलणं झालं. बाबा म्हणाले पुणं रात्रीत गाठता येतं, तपासणीला मी एकटा जाईन. परत मुदत मागणार नाही.

चंद्या_वडगाव | 2:05

आणि चारनंतर बेंगळुरूवाल्यांनी जास्त पगार दिला तर?

वकील_कॅम्प | 2:30

होकार गेला की गेला. मग राजीनाम्यासारखंच रीतसर कळवून मागं यावं लागेल, आणि पत्रात जॉइन न झाल्यास काय याचं कलम असेल तर ते लागू होईल. उद्यमबाग, तुझ्या पत्रात तसं काही आहे का? चौथ्या-पाचव्या पानावर बघ.

उद्यमबाग_क्वालिटी | 2:51

बघतो काका. आता शिफ्ट चालू आहे, रात्री पानाचा मजकूर इथं टाकतो.